निविदेचे मराठी भाषांतर: मुदत, पात्रता आणि दंडाच्या कलमांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी निविदा मराठीत आणण्याचे काम मी करते. बहुतेक कामे नगरपरिषदांची आणि सरकारी कार्यालयांची असतात. हे प्रश्न कार्यालयांतले लिपिक, छोटे कंत्राटदार आणि या कामात नव्याने आलेले भाषांतरकार विचारत असतात. एकाचे उत्तर दुसऱ्यात गुंतलेले असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मराठी आणि इंग्रजी प्रतीत फरक निघाला तर खरी कोणती?

ज्या प्रतीला निविदेनेच प्रमाण मानले आहे ती. निविदाधारकांसाठीच्या सूचनांमध्ये भाषेचे एक कलम असते, आधी ते शोधा. बऱ्याच ठिकाणी इंग्रजी प्रत प्रमाण असते आणि मराठी प्रत सोयीसाठी दिलेली असते. हे कलम मराठी प्रतीच्या पहिल्याच पानावर, ठळक अक्षरात यायला हवे. ते चाळिसाव्या पानावर दडलेले असेल तर मराठी वाचणाऱ्याला आपण दुय्यम प्रत वाचतो आहोत हे कळतच नाही.

कलमच नसेल तर भाषांतराला हात लावण्यापूर्वी कार्यालयाला लेखी विचारा. दोन्ही प्रती समान दर्जाच्या ठरल्या आणि त्यांत फरक राहिला तर तो फरक म्हणजे कार्यालयाने स्वतःच तयार केलेली संदिग्धता. संदिग्ध कलमाचा अर्थ ते लिहिणाऱ्याच्या विरोधात लावायचा, हे तत्त्व करारांच्या वादात पुढे येते. अशा वेळी दोष देण्यासाठी सगळे भाषांतरकाराला शोधू लागतात.

२. ‘स्वीकृतिपत्राच्या दिनांकापासून १५ दिवसांच्या आत’ म्हणजे तो दिवस धरून की सोडून?

मला सर्वाधिक आलेला प्रश्न हाच, आणि तो पडणे अगदी रास्त आहे. ‘शाळा १ जूनपासून सुरू’ असे आपण म्हणतो तेव्हा १ जूनला शाळा भरते. रोजच्या मराठीत ‘पासून’ पहिला दिवस धरूनच चालते. इंग्रजी ‘फ्रॉम’ कायद्यात तसे चालत नाही. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम ९ प्रमाणे ‘फ्रॉम’ने सुरू होणाऱ्या मुदतीत पहिला दिवस वगळतात आणि ‘टू’ने संपणाऱ्या मुदतीत शेवटचा दिवस धरतात. हे कलम कायद्यांच्या वाचनासाठी आहे, पण करारांतल्या मुदतीही साधारणपणे याच रीतीने मोजल्या जातात.

समजा, स्वीकृतिपत्र १ जूनचे आहे. कायद्याच्या रीतीने सुरक्षा अनामत भरण्याचा शेवटचा दिवस १६ जून. मराठी ‘पासून’ रोजच्या अर्थाने वाचणारा मात्र १५ जून हाच शेवटचा दिवस मानेल. इथे कंत्राटदार एक दिवस आधी भरेल, फार बिघडणार नाही. कार्यालयातल्या लिपिकाने मराठी प्रत हातात धरून १६ तारखेला ‘मुदत संपली’ असे सांगितले तर मात्र बिघडेल.

कार्यालय तयार असेल तर दोन्ही प्रतींत ‘स्वीकृतिपत्राचा दिनांक वगळून १५ दिवसांच्या आत’ असे लिहून घ्यावे. तयार नसेल तर ‘पासून’ तसेच ठेवून शंकापत्रात नोंद करावी (शंकापत्राबद्दल प्रश्न ११ पाहा). मनाने ‘वगळून’ घालू नये.

याच वाक्यात आणखी एक खड्डा आहे. पत्र दिल्याच्या दिनांकापासून की मिळाल्याच्या दिनांकापासून? मूळ इंग्रजीत ‘इश्यू’ असेल तर ‘पत्र मिळाल्यापासून’ हे भाषांतर चूक आहे, मग ते कितीही सहज वाटो. तसेच स्वीकृतिपत्र आणि कार्यारंभ आदेश ही दोन वेगळी कागदपत्रे आहेत. अनामतीची मुदत बहुधा पहिल्यापासून मोजतात आणि काम पूर्ण करण्याची दुसऱ्यापासून. दोन्हींना ‘मंजुरीपत्र’ म्हणून मोकळे झालात तर दोन मुदती एकमेकींत मिसळतात.

३. ‘फोर्टनाइट’ला पंधरवडा म्हणायला काय हरकत?

एका दिवसाची हरकत. ‘फोर्टनाइट’ म्हणजे चौदा रात्री, पंधरवडा म्हणजे पंधरा दिवस. अहवाल दर पंधरवड्याला द्यायचा असेल तर वर्षात २४ अहवाल होतात, दर १४ दिवसांनी द्यायचा असेल तर २६. अहवाल न दिल्याबद्दल कपात असेल तर त्या दोन अहवालांचे पैसे कोणाच्या तरी खिशातून जाणार. ‘१४ दिवस’ असे आकड्यातच लिहा.

‘आठ दिवसांत’चेही तसेच. बोलताना आपण आठवड्याला आठ दिवस म्हणतो. त्यामुळे निविदेत खरोखरच आठ दिवस दिलेले असतील तरी वाचणारा सात धरू शकतो. ‘८ दिवस’ आकड्यात लिहिले की तो घोळ बराच कमी होतो.

महिना आणि तीस दिवस यांची अदलाबदल करू नये. १ जुलैला तीन महिने मिळवले की १ ऑक्टोबर येतो, ९० दिवस मिळवले की २९ सप्टेंबर. मूळात जे एकक आहे तेच मराठीत हवे.

४. बयाणा रकमेच्या बँक हमीची मुदत भाषांतरात वारंवार चुकते. का?

कारण तिथे मुदतीवर मुदत रचलेली असते. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार (२०१७) बयाणा रक्कम साधारणपणे निविदेची वैधता संपल्यावर आणखी ४५ दिवस वैध असावी लागते. निविदा १२० दिवस वैध असेल तर बँक हमी १६५ दिवसांची हवी. ‘बँक हमी ४५ दिवस वैध असावी’ असे भाषांतर मी प्रत्यक्ष छापलेले पाहिले आहे. ‘निविदेच्या वैधतेची मुदत संपल्यानंतर आणखी ४५ दिवस’ यातला ‘आणखी’ गाळू नका.

५. ‘नॉट लेस दॅन’साठी ‘किमान’, ‘पेक्षा जास्त’, ‘वर’ यांपैकी काय वापरावे?

‘किमान’ किंवा ‘पेक्षा कमी नसावी’. ‘२० लाखांपेक्षा जास्त’ म्हटले की बरोबर २० लाखांचे काम केलेला बाहेर जातो. ‘२० लाखांवरील’चेही तेच. ‘नॉट एक्सीडिंग’ला ‘पेक्षा जास्त नसावी’ किंवा ‘कमाल’ म्हणावे. ‘पेक्षा कमी’ म्हणू नये. ‘२० लाखांच्या आत’ हा प्रयोग मी टाळते, कारण त्यात २० लाख धरायचे की नाही यावर दोन मराठी माणसांचे एकमत होत नाही.

६. अनुभवाच्या अटीत ‘प्रत्येकी’ शब्द घालावा का? इंग्रजीत तो नाही, पण अर्थ तोच दिसतो.

याचे उत्तर सावकाश देते.

केंद्रीय दक्षता आयोगाने डिसेंबर २००२ मध्ये पूर्वअर्हतेचे जे निकष सुचवले त्यांचे रूप आज असंख्य निविदांत दिसते. ते साधारण असे: अर्ज मागवलेल्या महिन्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपणाऱ्या सात वर्षांत तशाच स्वरूपाची कामे पूर्ण केलेली असावीत. अंदाजित खर्चाच्या किमान ४० टक्के किमतीची तीन, किंवा ५० टक्के किमतीची दोन, किंवा ८० टक्के किमतीचे एक. तीन कामांच्या अटीत ‘ईच’ म्हणजे ‘प्रत्येकी’ हा शब्द काही निविदांत असतो, काहींत नसतो.

कामाचा अंदाजित खर्च ५० लाख धरा. म्हणजे २० लाखांची तीन, २५ लाखांची दोन किंवा ४० लाखांचे एक काम हवे. एका कंत्राटदाराची कामे आहेत २२ लाख, २१ लाख आणि १९ लाख. प्रत्येकी मोजले तर तिसरे काम कमी पडते, २५ लाखांचे एकही नाही आणि ४० लाखांचेही नाही. तो अपात्र. तिन्ही मिळून मोजले तर ६२ लाख होतात आणि तो सहज पात्र. एका शब्दावर माणूस आत किंवा बाहेर.

अर्थ कोणता ते अटीच्या रचनेवरून ओळखता येते. एकच काम असेल तर ४० लाखांचे हवे, मग तीन कामे मिळून फक्त २० लाख चालतील हे जुळत नाही. म्हणजे ‘प्रत्येकी’च अभिप्रेत आहे. तरीही तो शब्द मी आपणहून घालत नाही. मी शंकापत्रात हेच उदाहरण देते, कार्यालय शुद्धिपत्रक काढून इंग्रजीत ‘ईच’ घालते आणि मग मराठीत ‘प्रत्येकी’ येते. तोवर ‘अंदाजित खर्चाच्या किमान ४० टक्के किमतीची तीन कामे’ एवढेच, मूळाइतकेच अर्धवट ठेवते.

सात वर्षांचा भाग याहून नाजूक आहे. अर्ज ऑगस्ट २०२४ मध्ये मागवले असतील तर कालावधी १ ऑगस्ट २०१७ ते ३१ जुलै २०२४ असा येतो. याचे ‘गेली सात आर्थिक वर्षे’ केले की तो १ एप्रिल २०१७ ते ३१ मार्च २०२४ होतो. मग मे २०२४ मध्ये पूर्ण झालेले काम बाहेर पडते आणि जून २०१७ मध्ये पूर्ण झालेले आत येते. ही चूक होते कारण शेजारच्याच अटीतली वार्षिक उलाढाल खरोखरच आर्थिक वर्षांवर, ३१ मार्चपर्यंत मोजलेली असते. एकाच पानावर कालावधी मोजण्याच्या दोन रीती असल्या की भाषांतरकाराचा हात आपोआप दोन्ही सारख्या करायला जातो.

शिवाय अट काम ‘पूर्ण’ करण्याची आहे. मार्च २०१७ मध्ये सुरू होऊन नोव्हेंबर २०१७ मध्ये संपलेले काम या अटीत बसते. ‘सात वर्षांत केलेली कामे’ असे लिहिले तर तपासणारा सुरुवातीची तारीखही मोजू लागतो.

७. ‘काळ्या यादीत टाकलेला नसावा’ हे भाषांतर पुरेसे आहे ना?

नाही. मराठीतल्या या वाक्याचे दोन अर्थ होतात: आज यादीत नसावा, किंवा कधीच टाकलेला नसावा. २०१५ साली दोन वर्षांसाठी बंदी आलेला आणि ती भोगून मोकळा झालेला कंत्राटदार पहिल्या अर्थाने पात्र आहे, दुसऱ्या अर्थाने नाही. इंग्रजीत ‘निविदा सादर करण्याच्या दिनांकास’ असा काळ दिला असेल तर मराठीत ‘निविदा सादर करण्याच्या दिनांकास काळ्या यादीत नसावा’ असे लिहा. ‘गेल्या पाच वर्षांत केव्हाही’ असे असेल तर ‘टाकण्यात आलेले नसावे’ ठीक आहे. इंग्रजीत काळच दिला नसेल तर प्रश्न ११.

८. ‘शॅल’, ‘मे’ आणि ‘लाएबल’ यांना मराठीत वेगळे कसे ठेवायचे?

सरकारी मराठीला ‘करण्यात येईल’चा फार लळा आहे, आणि या तिघांचाही शेवट तिथेच होतो. फरक मात्र मोठा आहे. ‘शॅल बी फॉरफिटेड’ म्हणजे अनामत जप्त होणारच: ‘जप्त करण्यात येईल’. ‘मे बी फॉरफिटेड’ म्हणजे कार्यालयाला तसा अधिकार आहे, करायचे की नाही ते ठरेल: ‘जप्त करता येईल’. यातला ‘ता’ गळला की अधिकाऱ्याचा विवेकाधिकार गेला आणि कंत्राटदाराची दाद मागण्याची जागाही आकसली.

‘लाएबल टू बी रिजेक्टेड’ मध्येही निविदा नाकारली जाईलच असे नाही. काही जण ‘नाकारली जाण्यास पात्र’ असे लिहितात. कोशाप्रमाणे ते चुकीचे नाही, पण ज्या कागदावर ‘पात्र’ शब्द ‘पात्र निविदाधारक’ म्हणून तीस वेळा आला आहे तिथे तो नकारासाठी वापरणे वाचणाऱ्यावर अन्याय आहे. मी ‘नाकारली जाऊ शकेल’ असे लिहिते.

‘करावे’ हे रूपही जपून वापरा. ते आज्ञाही असते आणि सल्लाही. बंधन असेल तिथे ‘करणे बंधनकारक राहील’.

९. उशिराबद्दलच्या रकमेला ‘दंड’ म्हणावे, ‘शास्ती’ की ‘नुकसानभरपाई’?

मूळात जो शब्द असेल त्याप्रमाणे, आणि संपूर्ण दस्तऐवजात एका शब्दाला एकच प्रतिशब्द. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ नमुन्यातल्या कलम २ मध्ये उशिराबद्दलची रक्कम ‘कॉम्पेन्सेशन’ म्हणजे नुकसानभरपाई म्हणून येते. साइटवर सगळे तिला दंडच म्हणतात, ते बोलण्यापुरते चालेल. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात रक्कम आधी लिहून ठेवली असली, तिला दंड म्हटले असले, तरी त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. मग नावाने काय फरक पडतो, असे एका उपअभियंत्याने मला विचारले होते.

फरक कमाल मर्यादेने पडतो. अनेक निविदांत उशिराबद्दलची भरपाई एका कलमात असते आणि तिला १० टक्क्यांची मर्यादा असते. कामगार कमी ठेवणे, सुरक्षा साधने न वापरणे यांसाठीचा दंड दुसऱ्या कलमात असतो आणि त्याला ती मर्यादा नसते. भाषांतरात दोन्हींना ‘दंड’ केले तर ‘एकूण दंड १० टक्क्यांपेक्षा जास्त नसेल’ हे वाक्य दोन्हींना लागू झाल्यासारखे वाचले जाते. मी पहिल्याला ‘विलंबाबद्दलची नुकसानभरपाई’ आणि दुसऱ्याला ‘दंड’ असे ठेवते.

बी-१ च्या त्याच कलमात दर दिवसाला एक टक्का ‘किंवा अधीक्षक अभियंता ठरवतील अशी त्याहून कमी रक्कम’ असे आहे, आणि टक्केवारी अंदाजित खर्चावर आहे. ‘किंवा कमी’चा तुकडा गाळणे किंवा अंदाजित खर्चाऐवजी ‘कराराची रक्कम’ लिहिणे, दोन्ही चुका पैशात मोजता येतात.

१०. ‘दर आठवड्यास किंवा त्याच्या भागास’ याचा नेमका हिशेब काय?

पुरवठ्याच्या निविदांत नेहमीचे कलम असे असते: उशिरा आलेल्या मालाच्या किमतीच्या ०.५ टक्के, उशिराच्या प्रत्येक आठवड्यासाठी किंवा आठवड्याच्या भागासाठी. समजा, एकूण करार ४० लाखांचा आहे, त्यातला १२ लाखांचा माल १६ दिवस उशिरा आला.

सोळा दिवस म्हणजे दोन आठवडे आणि दोन दिवस. ते दोन दिवसही पूर्ण आठवडा धरायचे. म्हणून तीन आठवडे, दर आठवड्याला ६,००० रुपये, एकूण १८,००० रुपये.

‘किंवा भागासाठी’ गाळले तर दोनच आठवडे भरतात आणि रक्कम १२,००० होते. ‘त्या प्रमाणात’ असे भाषांतर केले तर सोळा दिवसांचे सुमारे १३,७१४ होतात. आणि ‘उशिरा आलेल्या मालाच्या’ ऐवजी ‘कराराच्या किमतीच्या’ लिहिले तर थेट ६०,००० रुपये. मी लिहिते: ‘आठवडा अपूर्ण असला तरी तो पूर्ण आठवडा धरण्यात येईल.’ शब्द वाढतात, पण ‘त्याच्या भागास’ या शब्दांतून दहापैकी नऊ जण ‘प्रमाणात’ असाच अर्थ काढतात.

अशा प्रत्येक कलमासाठी मी एक काल्पनिक उशीर घेऊन आधी इंग्रजीवरून आणि मग फक्त मराठीवरून आकडा काढते. शक्यतो दुसरा हिशेब इंग्रजी न पाहिलेल्या माणसाकडून करून घेते. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर वाक्य पुन्हा लिहायचे.

११. मूळ इंग्रजीच संदिग्ध असेल तर?

संदिग्धता आपण मिटवायची नाही. शंकापत्र लिहा: कलमाचा क्रमांक, मूळ वाक्य, निघू शकणारे दोन अर्थ आणि प्रत्येक अर्थाने काय बदलेल याचे आकड्यांतले एक उदाहरण. कार्यालयाच्या उत्तरावर तारीख आणि सही घ्या. फोनवर ‘तुम्ही घ्या समजून’ म्हणाले तर ते उत्तर नव्हे. मी एकदा तसे समजून घेतले होते. निविदापूर्व बैठकीत तोच अर्थ वादाचा निघाला आणि ‘हे भाषांतरात आले आहे’ असे म्हणत सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

उत्तर येईतो मराठीतही दोन अर्थ राहू द्यावेत. मराठीच्या घडणीत ते शक्यच नसेल, एक अर्थ निवडावाच लागत असेल, तर ते कलम रिकामे ठेवून कार्यालयाला कळवावे.

१२. आकडे अक्षरी लिहिताना काय सांभाळावे?

अंकी आणि अक्षरी रक्कम वेगळी निघाली तर बहुतेक निविदांत अक्षरी रक्कम प्रमाण मानतात. म्हणून मराठी अक्षरी रकमेची चूक ही टंकनाची चूक उरत नाही. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद यांत दहा-दहाच्या चुका नेहमी होतात: ६९ लिहायचे असते आणि हात ‘एकोणसाठ’ लिहून जातो. दीड, अडीच, सव्वा, साडे हे शब्द निविदेत नकोत. ‘सव्वा लाख’ चूक नाही, पण अक्षरी रकमेत ‘एक लाख पंचवीस हजार’ हवे.

जागतिक बँकेच्या कर्जावरील कामांत आकडे दशलक्षात येतात. २.५ दशलक्ष म्हणजे २५ लाख, अडीच लाख नव्हे. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलला असेल तर प्रत्येक आकडा मूळाशी ताडून पाहा. १ आणि ९ वर विशेष लक्ष ठेवा, कारण देवनागरी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो.

वेळ चोवीस ताशी घड्याळाने लिहा. ‘१४ तारखेच्या रात्री १२ वाजेपर्यंत’ म्हणजे १३ आणि १४ यांच्यामधली रात्र की १४ आणि १५ यांच्यामधली? ‘१४ तारखेस २३.५९ वाजेपर्यंत’ म्हटले की वाद उरत नाही.

१३. शुद्धिपत्रक आले तर फक्त बदललेली ओळ भाषांतरित करावी का?

ओळ तेवढीच करा, पण तिच्यावर टांगलेल्या सगळ्या तारखा तपासा. सादर करण्याची तारीख आठवडाभर पुढे गेली तर निविदेच्या वैधतेची आणि म्हणून बँक हमीची तारीखही हलते (प्रश्न ४). अर्ज मागवण्याचा महिनाच बदलला असेल तर अनुभवाची सात वर्षेही सरकतात का, हा प्रश्न कार्यालयाचा आहे, पण तो विचारणे आपले काम आहे. मराठी प्रतीच्या प्रत्येक पानावर ‘शुद्धिपत्रक क्र. २ पर्यंत अद्ययावत’ अशी नोंद ठेवा.

१४. माझा कामाचा दाखला मराठीत आहे आणि निविदा इंग्रजीत. भाषांतर कोणी करायचे, आणि ते चुकले तर?

अनेक निविदा इतर भाषेतले दाखले स्वीकारतात, फक्त संबंधित भागाचे अचूक भाषांतर सोबत मागतात. जागतिक बँकेच्या प्रमाण निविदा नमुन्यात तर निविदेचा अर्थ लावताना असे भाषांतरच प्रमाण धरले जाईल, असे म्हटले आहे. म्हणजे इथे प्रश्न १ उलटा होतो: तुमचा मूळ मराठी दाखला मागे पडतो आणि त्याचे इंग्रजी भाषांतर पुढे येते.

ग्रामपंचायतीच्या दाखल्यात ‘सदर काम समाधानकारकरीत्या केले आहे’ असे असेल तर भाषांतरात ‘पूर्ण केले’ येऊ शकत नाही. ‘केले’ आणि ‘पूर्ण केले’ यांतला फरक प्रश्न ६ मध्ये पाहिलाच. भाषांतरकाराकडे ‘तेवढे घाला ना ताई’ म्हणून आग्रह धरण्यापेक्षा ग्रामपंचायतीकडून पूर्णत्वाच्या तारखेसह नवा दाखला घ्या. दाखल्यातली रक्कम प्रत्यक्ष दिलेल्या देयकाची आहे की मंजूर अंदाजपत्रकाची, हेही तिथेच स्पष्ट करून घ्या.

१५. भाषांतर नोटरीकडून साक्षांकित केले की झाले ना?

नोटरी भाषांतरकाराची सही किंवा त्याचे प्रतिज्ञापत्र साक्षांकित करतो. वाक्य बरोबर उतरले आहे का, हे तो पाहत नाही. निविदेने नोटरी मागितली असेल तर करून घ्या, मागितली नसेल तर ते पैसे दुसऱ्या वाचकाला द्या आणि त्याच्याकडून प्रश्न १० मधला हिशेब करून घ्या.